ln(1+x) म्हणजे जवळजवळ x. पण किती जवळ?

प्रश्न : सर, x शून्याकडे गेला की log(1+x)/x ची सीमा 1 येते. क्लासमध्ये लोपितालच्या नियमाने एका ओळीत करून दाखवली. मैत्रीण म्हणते, ही सिद्धता होतच नाही. कुणाचं खरं?
*पीयूसी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, खानापूर*

मैत्रिणीचं खरं आहे. लोपिताल वापरायचा तर वरच्या log(1+x) चा विकलज 1/(1+x) आहे हे आधी माहीत असावं लागतं. हा विकलज व्याख्येवरून काढायला बसलीस की दोन-तीन ओळींतच log(1+h)/h ची सीमा समोर येते, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच. e^x चीही हीच कथा. त्याच्या विकलजाची व्याख्या लिहिली की e^x बाहेर निघतो आणि आत (e^h − 1)/h उरतं. उत्तर तपासायला लोपिताल ठीक आहे. पण प्रश्नात 'सिद्ध करा' असेल तर ते गोल फिरून पुन्हा तिथेच येणं झालं.

सिद्धतेसाठी चित्र काढ. y = 1/t हा वक्र घे. e पायाचा लॉग, ज्याला मी यापुढे ln लिहीन, म्हणजे या वक्राखालचं t = 1 पासूनचं क्षेत्रफळ. या वक्राखालची क्षेत्रफळं लॉगसारखी वागतात हे 1649 मध्ये आल्फोन्स द सारासा यांनी दाखवलं होतं, तेव्हा हा वाट चुकवून काढलेला मार्ग नाही.

x धन असेल तर ln(1+x) म्हणजे 1 ते 1+x एवढ्या पट्टीचं क्षेत्रफळ. पट्टीची रुंदी x. डावीकडे वक्राची उंची 1 आहे आणि उजवीकडे जाता जाता ती 1/(1+x) पर्यंत उतरते. म्हणून हे क्षेत्रफळ x × 1 या मोठ्या आयतापेक्षा कमी आणि x × 1/(1+x) या लहान आयतापेक्षा जास्त असणार. x ने भागलं की

1/(1+x) < ln(1+x)/x < 1

x शून्याकडे गेला की डावी बाजूही 1 कडे जाते, मग मधल्याला दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. x ऋण असेल (पण −1 पेक्षा मोठा) तर पट्टी 1 च्या डावीकडे येते. उंची तिथे 1 पेक्षा जास्त असल्यामुळे असमानतेची चिन्हं उलटतात, पण सापळा तोच राहतो. ही दुसरी बाजू बहुतेक मुलं लिहीत नाहीत. सीमा दोन्ही बाजूंनी 1 यावी लागते, तेव्हा ती एक ओळ सोडू नकोस.

आता e^x साठी वेगळं काही करावं लागत नाही. e^x − 1 = y मान. मग x = ln(1+y) आणि (e^x − 1)/x म्हणजे y/ln(1+y), आपल्याच गुणोत्तराचं उलट. x शून्याकडे गेला की y शून्याकडे जातो, आणि x शून्य नसेल तर y ही शून्य नसतो. या दोन्ही गोष्टी लिहिल्या की सीमा 1. दोन सूत्रं वेगवेगळी पाठ करण्यापेक्षा ही एकच गोष्ट दोन बाजूंनी दिसते आहे हे लक्षात ठेव.

प्रश्न : पुस्तकात उत्तर 1. मी कॅल्क्युलेटरवर x = 0.001 घेऊन log(1.001) ला 0.001 ने भागलं, तर 0.434 येतंय. 0.0001 घेतलं तरी तेच. चूक कुठे आहे?
*विद्यार्थी, निपाणी*

चूक बटणाची. कॅल्क्युलेटरवरचं `log` हे 10 पायाचं असतं. पीयूसीला लावलेल्या एनसीईआरटीच्या पुस्तकात log लिहिलं की पाया e धरलेला असतो. त्यासाठी शेजारचं `ln` दाबा.

तुमचं 0.434 मात्र फेकून देऊ नका, तेही एका सीमेचंच उत्तर आहे. 10 पायाचा लॉग म्हणजे ln ला ln 10 ने, म्हणजे 2.302585 ने भागलेला. म्हणून log₁₀(1+x)/x ची सीमा 1/2.302585, म्हणजे 0.434294. x = 0.001 ला 0.434077 मिळतं आणि 0.0001 ला 0.434273. आकडा हळूहळू तिकडेच सरकतो आहे. उलट बाजूने पाहिलं तर (10^x − 1)/x ची सीमा 2.302585 येते. पाया a असेल तर ln a येतो, आणि तो 1 असावा असं म्हटलं की a ला e होण्यावाचून गत्यंतर नसतं. e हा पाया निवडण्यामागचं कारण मला तरी याहून स्वच्छ कुठे सापडलेलं नाही.

प्रश्न : मी पतसंस्थेत काम करतो. ठेव किती वर्षांत दुप्पट होईल हे विचारलं की आम्ही 72 ला व्याजदराने भागून सांगतो. मुलगी म्हणते, तिच्या पुस्तकातल्या हिशोबाने 69 यायला हवेत. मग 72 आले कुठून?
*वाचक, बेळगाव*

तुमच्या मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. वार्षिक दर r असेल (8 टक्के म्हणजे r = 0.08) आणि व्याज दर वर्षी मुदलात मिळवलं जात असेल, तर दुप्पट व्हायला लागणारी वर्षं ln 2 भागिले ln(1+r). ln 2 आहे 0.693. ln(1+r) च्या जागी सरळ r घातला की 69.3 ला टक्क्यांनी भागायचं, एवढाच नियम उरतो. मुलगी हेच सांगते आहे.

पण ln(1+r) हा r पेक्षा थोडा कमी असतो, हे वरच्या चित्रात दिसलंच. किती कमी? पट्टीचा वरचा काठ जवळजवळ सरळ रेषेत उतरतो, म्हणून सरासरी उंची साधारण 1 − r/2 धरता येते. म्हणजे ln(1+r)/r हे गुणोत्तर अंदाजे 1 − r/2. 8 टक्क्यांना ते 0.96, आणि 69.3 ला 0.96 ने भागलं की 72.2. तुमचे 72 इथून येतात. नेमका हिशोब केला तर ln 1.08 = 0.07696 आणि दुप्पट व्हायला 9.006 वर्षं. 72 ÷ 8 = 9. आठ टक्क्यांच्या आसपास हा नियम इतका चोख बसतो.

दर त्यापासून दूर गेला की तो बिघडतो. 2 टक्क्यांना नियम 36 वर्षं सांगतो, खरी 35 लागतात. 24 टक्क्यांना नियम 3 वर्षं सांगतो, खरी 3.22, म्हणजे सुमारे पावणेतीन महिन्यांचा फरक. ठेवीवर 24 टक्के कुणी देत नाही, पण थकलेल्या कर्जावर चक्रवाढीने तेवढी आकारणी होत असेल तर हा फरक हिशोबात दिसतो.

तोंडी करता येईल अशी दुरुस्तीही त्याच r/2 मधून निघते. 69.3 मध्ये व्याजदराचा एक तृतीयांश मिळवा आणि मग व्याजदराने भागा. 24 टक्क्यांना 69.3 + 8 = 77.3, भागिले 24, म्हणजे 3.22. 12 टक्क्यांना 73.3 ÷ 12 = 6.11, खरं उत्तर 6.12. 2 टक्क्यांना जवळजवळ 70 ÷ 2 = 35. व्याज महिन्याला 1 टक्का लागत असेल तर 69.3 + 0.3 = 69.6 महिने, 72 नव्हे. दर महिन्याचा असेल तर उत्तरही महिन्यांतच येतं, हे मात्र विसरू नका.

प्रश्न : (e^x − 1 − x)/x² ची सीमा काढताना मी e^x − 1 च्या जागी x लिहिला. वर शून्य आलं, म्हणून उत्तर 0 लिहिलं. पुस्तकात 1/2 आहे. (e^(3x) − 1)/ln(1+5x) ला हीच युक्ती वापरून 3/5 आलं आणि ते बरोबर निघालं. असं का?
*पीयूसी द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, चिक्कोडी*

दुसऱ्या उदाहरणात e^(3x) − 1 हा पूर्ण अंश आहे आणि ln(1+5x) हा पूर्ण छेद. त्यांना 3x आणि 5x ने भागून-गुणून लिहिलं की प्रत्येक तुकडा 1 कडे जातो आणि 3/5 उरतात. गुणाकार-भागाकारात ही अदलाबदल चालते.

पहिल्यात वजाबाकी आहे. आपली सीमा एवढंच सांगते की e^x − 1 = x(1 + α), आणि α शून्याकडे जातो. त्यातून x वजा केला की xα उरतं, x² ने भागलं की α/x. α शून्याकडे जातो हे माहीत आहे, पण x च्या मानाने किती वेगाने, हे ती सीमा सांगत नाही. तुम्ही α थेट शून्य धरलात. x = 0.1 घालून बघा, 0.517 येईल, आणि 0.01 घातलं की 0.5017. शून्याचं नावही नाही.

नीट उत्तर पुन्हा क्षेत्रफळानेच मिळतं. x धन घ्या. e^x − 1 − x म्हणजे e^t − 1 या वक्राखालचं 0 ते x मधलं क्षेत्रफळ. त्या टप्प्यात e^t − 1 हा t पेक्षा कमी नसतो आणि t·e^x पेक्षा जास्त नसतो. y = t या रेषेखाली x²/2 क्षेत्रफळाचा त्रिकोण होतो, म्हणून आपलं क्षेत्रफळ x²/2 आणि e^x·x²/2 यांच्या मधे सापडतं. x² ने भागा, e^x ला 1 कडे जाऊ द्या. उत्तर 1/2. ऋण x साठी याच मर्यादा उलट क्रमाने येतात.

प्रश्न : पायथॉनमध्ये ln(1+x)/x काढताना x लहान लहान करत गेलो. आधी उत्तर 1 च्या जवळ गेलं, मग अचानक 1.11 आणि शेवटी 0 झालं. सीमा चुकते का?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव*

सीमा चुकत नाही, संगणकाचे आकडे संपतात. पायथॉनच्या नेहमीच्या दशांश संख्येत साधारण 16 अर्थपूर्ण अंक मावतात आणि 1 नंतरची पुढची संख्या सुमारे 2.2 × 10⁻¹⁶ इतकी दूर असते. 1 मध्ये 10⁻¹⁶ मिळवले तर बेरीज पुन्हा 1 वरच येते आणि ln 1 = 0. 10⁻¹⁵ मिळवले तर ते जवळच्या जागेवर ढकलले जाऊन 1.11 × 10⁻¹⁵ होतात, तुमचे 1.11 तेच. बिघाड लॉग घेण्याआधीच, 1 + x करतानाच झालेला असतो. e^x − 1 मध्ये तो शेवटच्या वजाबाकीत उघडा पडतो. म्हणून ही दोन फलनं वेगळी दिलेली असतात:

```python
import math
x = 1e-16
print(math.log(1 + x) / x)   # 0.0
print(math.log1p(x) / x)     # 1.0
print(math.expm1(x) / x)     # 1.0
```

`log1p` ला तुम्ही x देता, 1 + x नव्हे. `log1p(1 + x)` लिहिलंत तर ln(2 + x) मिळेल आणि x ने भागल्यावर प्रचंड मोठा आकडा दिसेल.