शेकमधलं कच्चं अंडं, अविडिन आणि पाश्चराइज्ड डबा

प्रश्न: रोज व्यायामानंतर शेकमध्ये चार कच्च्या अंड्यांचा पांढरा भाग टाकतो. एकाने सांगितलं की त्याने बायोटिन कमी होतं आणि केस गळतात. म्हणून आता डब्यातला पाश्चराइज्ड पांढरा भाग आणलाय. आता चालेल ना? की सोबत बायोटिनची गोळी घेऊ?

उत्तर:

साल्मोनेला या कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या दृष्टीने चालेल. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या दृष्टीने तुम्ही होतात तिथेच आहात. मी पोषणशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी कुणीतरी हाच डबा घेऊन येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंड्याच्या पांढऱ्या भागात अविडिन नावाचं एक प्रथिन असतं. प्रमाण अगदी किरकोळ: पांढऱ्या भागातल्या एकूण प्रथिनांच्या साधारण ०.०५ टक्के, म्हणजे एका अंड्यात दीडेक ते पावणेदोन मिलिग्रॅम. अंड्यात शिरणाऱ्या जंतूंना बायोटिन मिळू नये हा त्याचा उपयोग असावा असं मानतात. अविडिनचा रेणू चार सारख्या तुकड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यात बायोटिनचा एक रेणू चपखल बसेल अशी खोबण असते. एकदा तो त्यात बसला की जवळजवळ सुटतच नाही. रासायनिक बंध न होता, नुसत्या चिकटून राहण्यातून होणाऱ्या ज्या जोड्या निसर्गात माहीत आहेत, त्यांत ही सर्वात घट्ट जोड्यांपैकी एक आहे. जठरातलं आम्ल आणि आतड्यातले पाचक रस ती सोडवू शकत नाहीत. बायोटिन आतड्याच्या भिंतीतून आत शिरायच्या ऐवजी अविडिनसकट शौचावाटे निघून जातं.

आता तुमच्या चार अंड्यांचा हिशेब करू. एक मिलिग्रॅम अविडिन पूर्ण भरलं तर सुमारे १४-१५ मायक्रोग्रॅम बायोटिन पकडतं. चार अंड्यांत साधारण सात मिलिग्रॅम अविडिन धरलं, तर त्याची पकडण्याची क्षमता झाली १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला पुरेसं मानलं जाणारं बायोटिन ३० मायक्रोग्रॅम आहे. अख्ख्या अंड्यात बायोटिन असतं अंदाजे १० मायक्रोग्रॅम, तेही मुख्यतः पिवळ्या बलकात. म्हणजे बलकासकट कच्चं अंडं घातलं तरी एकाच अंड्याचा पांढरा भाग त्याच्या बलकातलं सगळं बायोटिन गिळून वर शिल्लक राहतो. ‘मी बलकही टाकतो, त्यामुळे भरपाई होते’ हे जिममधलं आवडतं उत्तर म्हणूनच टिकत नाही.

मग कच्ची अंडी खाणारा प्रत्येक जण टकला का होत नाही? वरचा आकडा कमाल क्षमतेचा आहे. अविडिनला पकडता येतं ते फक्त आतड्यात त्याच्या वाटेत आलेलं बायोटिन. रक्तात आणि पेशींत आधीच पोचलेल्या बायोटिनला ते हात लावू शकत नाही. शिवाय शरीर बायोटिन फार काटकसरीने वापरतं. जुन्या प्रथिनांतून ते सोडवून घेऊन पुन्हा कामाला लावणारं एक विकर आपल्याकडे असतं, बायोटिनिडेज. दिवसातल्या बाकीच्या जेवणांतूनही थोडंफार बायोटिन येत राहतं. त्यामुळे कधीमधी एखादं कच्चं अंडं पोटात गेलं म्हणून काही होत नाही. खरी उणीव दिसलेली माणसं बहुतेक महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं रोज बरीच कच्ची अंडी खाणारी होती.

माणसांवर हे मुद्दाम करूनही पाहिलं आहे. १९४२ साली अमेरिकेत सायडनस्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना असा आहार दिला, ज्यात एकूण उष्मांकांपैकी सुमारे ३० टक्के कच्च्या, वाळवलेल्या पांढऱ्या भागातून येत होते. काही आठवड्यांत त्वचेवर कोंड्यासारखे पापुद्रे सुटू लागले. पुढे थकवा, स्नायूदुखी, अन्नावरची वासना उडणं, मन खिन्न होणं असं सगळं आलं. बायोटिनयुक्त अर्क टोचल्यावर थोड्याच दिवसांत सुधारणा दिसली. तुमचे चार पांढरे भाग त्या आहाराच्या जवळपासही जात नाहीत, हे लक्षात घ्या. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. पण ‘रोज’ हा शब्द तुम्ही स्वतः लिहिला आहे, आणि या बाबतीत सवय किती दिवस चालते यालाच महत्त्व आहे.

आता डब्याकडे येऊ. अविडिन रिकामं असेल, म्हणजे त्यात बायोटिन बसलेलं नसेल, तर त्याची घडी उलगडायला सुमारे ८५ अंश सेल्सिअस लागतात. (बायोटिन बसल्यावर तर १३० अंशांच्या पुढे, यावरून पकड किती घट्ट असते त्याची कल्पना येईल.) पातळ पांढऱ्या भागाचं पाश्चरायझेशन मात्र साधारण ५५ ते ५७ अंशांवर काही मिनिटं करतात. त्याहून फार वर नेता येत नाही, कारण साठीच्या थोडं पुढे गेलं की पांढरा भाग गोठायला लागतो आणि मग तो डब्यातून ओतता येणार नाही. तेवढ्या उष्णतेत साल्मोनेला मरतो, अविडिनला मात्र धक्काही लागत नाही. डब्यातून ते पाण्यासारखं ओघळतंय, हीच ते शिजलेलं नसल्याची खूण. पांढऱ्या भागाच्या पावडरीबद्दलही कुणी तरी विचारेलच: प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये बायोटिनची उणीव निर्माण करायला फवारून वाळवलेला पांढरा भागच खाऊ घालतात. तेव्हा पावडर झाली म्हणून अविडिन गेलं असं धरू नका.

ब्लेंडरने काही होत नाही, फ्रिजने होत नाही आणि गरम दुधानेही होत नाही. दुधाचं गणित करून बघा. पाव लिटर अगदी उकळतं, १०० अंशांचं दूध घेतलं आणि त्यात फ्रिजमधून काढलेल्या चार अंड्यांचा पांढरा भाग, साधारण १३० ग्रॅम, ५ अंशांवरचा, ओतला. मिश्रण ६७-६८ अंशांवर येऊन थांबेल, भांड्याने खाल्लेली उष्णता धरली तर आणखी खाली. गुठळ्या होतील, दिसायला शिजल्यासारखं दिसेल, पण ८५ खूप दूर राहिले.

इथेच लोक फसतात. पांढरा भाग पारदर्शकचा दुधी होतो तो ६० ते ६५ अंशांच्या आसपास. म्हणजे रंग बदलला हा अविडिन गेल्याचा पुरावा नाही. पाण्यात सोडून मिनिटभरात काढलेलं, आतून थरथरणारं अंडं घ्या, त्यात बरंच अविडिन शाबूत असतं. खात्री हवी असेल तर अंडं उकळत्या पाण्यात १० ते १२ मिनिटं ठेवा. कापून पाहिलं तर बलकाला लागून असलेला पांढरा भागही घट्ट आणि पूर्ण अपारदर्शक हवा, बोटाने दाबल्यावर जेलीसारखा हलता कामा नये. डब्यातला वापरायचा असेल तर तव्यावर ढवळत, ओलसर चकाकी जाऊन मोकळा दाणेदार होईपर्यंत परता. मग गार करून शेकमध्ये टाका. आधी थोड्याच द्रवात नीट वाटून घेतला की कचकच बरीच कमी होते. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला शिजवलेलं अंडं वेगळं खाऊन शेक वेगळा पिणं जास्त सोयीचं वाटतं.

आणि शिजवण्यात तुमचा दुसरा फायदा आहे, जो तुम्ही विचारलेलाच नाही. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या एव्हनपूल आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या पाच रुग्णांत मोजणी केली. त्यात शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्याचं ५१ टक्के. उष्णतेने प्रथिनाच्या घट्ट घड्या उलगडतात आणि पाचक रसांना आत शिरता येतं. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागात पचनाची विकरं अडवणारी काही प्रथिनं असतात, तीही शिजवल्यावर ढिली पडतात. उलट बाजूही सांगतो: २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर तरुणांना पाच अंडी कच्ची किंवा उकडून दिली, तेव्हा उकडलेल्यांनी रक्तात अमिनो आम्लं जास्त वाढवली, पण त्या काही तासांत स्नायूंतली प्रथिननिर्मिती दोन्हींकडे सारखीच निघाली. तेव्हा ‘कच्चं खाल्लं तर अर्धं वाया’ असंही कुणाला ठोकून सांगू नका. कच्चं खाऊन जास्त मिळतं असं मात्र कुठेच दिसलेलं नाही.

गोळीबद्दल. शिजवत असाल तर तिची गरज नाही. न शिजवता गोळी घ्यायची, म्हणजे आधी अविडिन पोटात घालायचं आणि मग त्याला पुरून उरेल एवढं बायोटिन वरून ओतायचं. बाजारातल्या केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, गरजेच्या शेकडो पट, त्यामुळे ते उरेलही. पण त्यातून एक वेगळीच भानगड होते. रक्ताच्या अनेक चाचण्या बायोटिनच्या याच घट्ट पकडीवर चालतात, तिथे अविडिनचा जिवाणूंमधला भाऊबंद, स्ट्रेप्टअविडिन, वापरतात. रक्तात बायोटिन जास्त झालं की अशा चाचण्या चुकतात: थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक खोटं कमी येतं, थायरॉइडची संप्रेरकं खोटी जास्त येतात आणि धडधाकट माणूस थायरॉइडचा रोगी ठरतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणी खोटी कमी येणं तर जास्तच धोक्याचं आहे. अशी गोळी सुरू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

केस आत्ताच गळत असतील तर सरळ अंड्यावर खापर फोडू नका, केस गळण्याची कारणं बरीच आहेत. बायोटिनच्या उणिवेत केस विरळ होण्यासोबत डोळे, नाक आणि तोंडाभोवती लाल, पापुद्रे सुटणारं पुरळ येतं, हातापायांना मुंग्या येतात. तसं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना शेकची सवय आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. रक्तातली बायोटिनची पातळी सुरुवातीला फारशी घसरत नाही. लघवीतलं ३-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक आम्ल त्याआधी वाढतं, कारण ल्युसिन मोडणारं एक विकर बायोटिनशिवाय अडकतं आणि माल त्या बाजूला वळतो. गर्भारपणात, किंवा फिटसाठी कार्बामॅझेपिन वा फेनिटोइन चालू असताना बायोटिन आधीच काठावर असू शकतं. अशा कुणी तुमचा शेक उचलला तर त्यांना आधी अंडी उकडायला सांगा.