बाईंचा मिस्ड कॉल

*मावशी, आम्ही लातूरला राहतो. शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, वय ७६. मुलगा पुण्याला, मुलगी नांदेडला. मागच्या महिन्यात मी दोनदा डबा नेऊन दिला. तिसऱ्यांदा गेले तर म्हणाल्या, "अगं, मला अजून भाकरी थापता येते." तेव्हापासून जायला संकोच वाटतो. पण सकाळी उशिरापर्यंत दार उघडलं नाही की जीव खालीवर होतो. त्यांना न दुखावता लक्ष कसं ठेवू? — शेजारीण*

अगं, बाई बरोबर बोलल्या. ज्या हातांनी तीस-पस्तीस वर्षं वर्ग सांभाळला, त्या हातांत तू न मागता डबा दिलास. एकदा दिला असतास तर शेजारधर्म झाला असता, तिसऱ्यांदा त्यांना त्यात दया दिसली. आता पुढच्या वेळी रिकाम्या हाताने जा आणि काहीतरी मागून आण. येसर संपलंय म्हण, नाहीतर पोराचं मराठीचं शुद्धलेखन घेऊन जा. शिक्षकी पेशातल्या माणसाला लाल पेन दिलं की कसं खुलतं ते बघ. माझ्या अनुभवात उसनं मागणारी शेजारीण कधी जड होत नाही. द्यायला येणारी होते.

मग खरं काम. तुला दाराकडे बघत बसावं लागतंय, कारण बाई ठीक आहेत हे कळायची ठरलेली खूणच नाही. ती ठरवून घे आणि ती बाईंच्या हातात दे. आपल्याकडे नळ रोज येत नाही, आणि येतो तोही कधी पहाटे चारला. बाई तशाही चारला उठत असतील. त्यांना सांग, "बाई, मला जाग येत नाही. पाणी सुटलं की एक रिंग द्याल का?" हे निमित्त नाही, खरंच उपयोगाचं आहे. एकदा ते बसलं की रोजचं ठरव: सकाळचा चहा झाला की सातच्या सुमारास बाईंनी तुला एक मिस्ड कॉल द्यायचा. तू उचलायचा नाहीस. पैसे नाहीत, गप्पा नाहीत, "कशा आहात" नाही.

रिंग आली नाही तर काय करायचं, तेही आधीच त्यांच्याशी बोलून ठरव, म्हणजे ऐन वेळी तुला भीड वाटणार नाही. सव्वासातला तू फोन कर आणि पूर्ण वाजू दे. स्वयंपाकघरातून चष्मा शोधत यायला वेळ लागतो. आपण चार रिंगांत कापतो आणि उगाच घाबरतो. पाच मिनिटांनी पुन्हा कर. तरीही उचलला नाही तर दारावर जाऊन हाक मार, खिडकीतून बघ. मग किल्लीने दार उघड, पण एकटी आत जाऊ नकोस, गल्लीतलं आणखी कुणीतरी सोबत घे.

आता किल्लीचं. माझी आत्या परभणीला एकटी राहायची. शेजारच्या पोराकडे किल्ली होती, आम्ही सगळे निर्धास्त. एक दिवस ती न्हाणीत घसरली. पोरगा किल्ली घेऊन धावला, कुलूप उघडलं आणि दार हलेना. आतून कडी! शेवटी सुताराला बोलावून दार फोडलं, तोवर ती अडीच तास ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नव्हतं, पण अंग गार पडलं होतं आणि दोन दिवस धड बसता येईना. उतारवयात पडण्याइतकंच पडून राहणंही वाईट. तासाभराहून जास्त कडक फरशीवर राहिलं की दाबलेले स्नायू खराब होऊ शकतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. आत्या मात्र पुढे वर्षभर फक्त दाराच्या खर्चावरून बोलत होती.

म्हणून बाईंच्या दाराला आत कडी आहे का ते बघ. असेल तर बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवून घ्यायला सांग आणि रात्री कडीऐवजी त्यावर भिस्त ठेवायची. न्हाणीची कडी लावूच नये. एकट्या घरात कुणापासून लावायची? पाहुणे असतील तेव्हा दारावर टॉवेल टाकला की झालं. फोन मात्र उंच फळीवर नको. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. कापडी पिशवीत घालून गळ्यात, नाहीतर कमरेला.

आणि कधी खरंच पडलेल्या दिसल्या तर बखोटीला धरून उठवायची घाई करू नकोस. आधी बोल, कुठं दुखतंय विचार. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नकोस, चादर पांघर आणि १०८ ला फोन कर. त्यासाठी बाईंच्या गोळ्यांची नावं, डॉक्टर आणि दोन्ही मुलांचे नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. अक्षर बाईंचंच असू दे, तुझ्यापेक्षा नक्की चांगलं असेल.

उन्हाळ्यात यात एक फोन वाढव, दुपारी तीनच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं तरी तोंडाला कळत नाही. बीपीसाठी पाण्याची गोळी चालू असेल तर आणखीच सांभाळायला हवं. "पाणी प्यायलात का?" विचारलंस तर "हो गं" एवढंच येणार. त्यापेक्षा "माठ सकाळी भरला होता, आता किती उरलाय?" असं विचार. मठ्ठा केलाय, पाठवू का, असंही विचारता येईल, कारण त्यावर त्यांना नाही म्हणता येतं. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर मात्र तेवढंच. आणि फोनवर बोलणं असंबद्ध वाटलं, जीभ जड वाटली, तर झोपेत असतील म्हणून सोडू नकोस, लगेच जा. अंग तापलेलं असेल तर सावलीत पंख्याखाली निजव, ओल्या फडक्याने पूस आणि १०८ लाव. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

मुलांना कळवायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. कळव, पण बाईंना सांगून आणि त्यांच्यासमोर फोन लावून. पुण्याच्या मुलाला पाठीमागून "आई थकल्यात हो" असं कळवलंस आणि तो एखाद्या शनिवारी सामान बांधायला आला, तर तुझ्याशी त्यांचं बोलणं कायमचं संपेल. ज्येष्ठांसाठी सरकारची हेल्पलाइन आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन अडली किंवा कुणी त्रास देत असेल तर तिथे विचारता येतं. तो नंबरही त्याच कागदावर लिहून ठेव.

रोजची जबाबदारी एकटीवर घेऊ नकोस. तू माहेरी गेलीस की सातची रिंग कुणाला जाणार? समोरच्या घरातल्या कुणाशी तरी वार वाटून घे. आणि आधी रविवारी येसर मागायला जा. वाटी मोठी ने.