न्यासपत्रात आधी विश्वस्ताच्या रिकाम्या पदाचं कलम नीट लिहा

प्रश्न: औसा तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांच्या नावाने स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी मोफत अभ्यासिका काढायची आहे. मी, धाकटा भाऊ, चुलतभाऊ आणि दोन निवृत्त शिक्षक असे पाच विश्वस्त. ५ लाख रुपयांची ठेव आणि रस्त्यालगतची १० गुंठे शेतजमीन द्यायची म्हणतो. टायपिस्टने तयार मसुदा दिलाय: २६ उद्देश, सगळे विश्वस्त तहहयात, "विश्वस्तानंतर त्याचा वारस", आणि न्यास बंद पडला तर मालमत्ता घराण्याकडे परत. सही करावी का?

उत्तर: करू नका. सगळ्यात घातक शेवटचं कलम आहे. मालमत्ता फिरून घरी येणार असेल तर ती लोकांसाठी कायमची दिली असं म्हणता येत नाही. धर्मादाय कार्यालय त्यावर हरकत काढेल आणि आयकराची नोंदणी तिथेच अडेल. त्याजागी दोन गोष्टी लिहा. एक, हा न्यास न्यासकर्त्याला रद्द करता येणार नाही. दोन, तो बंद करावा लागला तर देणी फेडून उरलेली मालमत्ता अशाच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाकडे जाईल. कोणत्याही विश्वस्ताला, न्यासकर्त्याला किंवा त्यांच्या नातेवाइकांना काही मिळणार नाही. हेही ध्यानात ठेवा की विश्वस्तांच्या नुसत्या ठरावाने न्यास बंद होत नाही. नोंदणी रद्द करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली चौकशी होऊन आदेश लागतो. म्हणून त्या कलमात "धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीने" हे शब्द असू द्या. मसुद्यात "भारतीय न्यास अधिनियम, १८८२" असा उल्लेख असेल तर तो काढा. तो खासगी न्यासांचा कायदा आहे.

आता उद्देश. ५ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये हाती येतात. त्यातून वीजबिल, वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं भागतील. गोशाळा, वृद्धाश्रम आणि वैद्यकीय महाविद्यालय नाही. तयार मसुद्यात ही नावं "पुढं लागलं तर" म्हणून कोंबलेली असतात. पण आयकर अधिकारी लिहिलेल्या उद्देशांशी प्रत्यक्ष काम ताडून पाहतो, आणि मालमत्ता कशासाठी दिली याचा वाद झाला तर तीच यादी गोंधळ वाढवते. दोन-तीनच लिहा: गाव व परिसरातील विद्यार्थ्यांसाठी मोफत अभ्यासिका व ग्रंथालय चालवणे, गरजू विद्यार्थ्यांना पुस्तकं व परीक्षा शुल्कासाठी मदत करणे, आणि याला पूरक शैक्षणिक कामं करणे. "जात, धर्म, लिंग असा भेद न करता" हे घालाच. "आमच्या भावकीतील मुलांसाठी" असा शब्द आला की न्यास सार्वजनिक राहत नाही. शब्द जपून निवडा, कारण नोंदणीनंतर उद्देश विश्वस्तांच्या मनाने बदलता येत नाहीत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून योजना करून घेण्यासारखा लांबचा रस्ता धरावा लागतो.

खरी मेख उत्तराधिकारात आहे. वंशपरंपरेला कायद्याची सरसकट बंदी नाही, पण तुमच्या चुलतभावाला तीन मुलं असतील तर त्यातला विश्वस्त कोण, हे मसुदा सांगत नाही. तिघेही अर्ज करतील. वारसाऐवजी मुदत ठेवा. मात्र सगळ्यांची पाच वर्षं एकाच दिवशी संपू देऊ नका, कारण त्या दिवशी निवड राहून गेली तर संस्थेला कुणीच उरत नाही. पहिल्या मंडळात दोघांना तीन वर्षं आणि तिघांना पाच वर्षं द्या. नवीन विश्वस्त येईपर्यंत जुन्याने काम पाहावं, असंही लिहा. शिवाय एका कुटुंबातले विश्वस्त दोनपेक्षा जास्त नकोत. सध्या तुम्ही तिघे भाऊ आहात. एकाऐवजी गावातली एखादी शिक्षिका किंवा ग्रंथपाल घ्या.

पाच विश्वस्त आणि गणपूर्ती तीन धरू. एक शिक्षक वारले, भाऊ पुण्याला गेला आणि राजीनामा दिला, दुसरे शिक्षक मुलाकडे परदेशी गेले आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. उरले दोघे. दोघांची सभा गणपूर्तीअभावी भरत नाही, सभा नाही म्हणून जागा भरता येत नाही, आणि जागा भरत नाही तोवर बँक नवीन सह्या घेत नाही. मग कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नेमून मागायचा. हे टाळणारं कलम एवढंच आहे:

"विश्वस्ताचं पद मृत्यू, राजीनामा, मुदत संपणे किंवा अपात्रता यामुळे रिक्त झाल्यास उर्वरित विश्वस्त ९० दिवसांच्या आत ते भरतील. उर्वरित विश्वस्तांची संख्या गणपूर्तीपेक्षा कमी असली, अथवा एकच विश्वस्त उरला असला, तरी केवळ रिक्त पदे भरण्यासाठी घेतलेला निर्णय वैध राहील."

पण कलम असून भागत नाही. प्रत्येक बदलाची माहिती, झाल्या तारखेपासून ९० दिवसांत, बदल अर्जाने धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा, सभेची नोटीस व ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, आणि नवीन विश्वस्ताचं संमतीचं शपथपत्र जोडायचं. बहुतेक संस्था इथंच अडकतात. पहिला बदल अर्ज मंजूर न होता पडून राहतो, त्या विश्वस्ताच्या मतावर दुसऱ्याची निवड होते, त्यावर तिसऱ्याची, आणि दहा वर्षांनी पहिला अर्ज फेटाळला की मागची सगळी साखळी डळमळते. म्हणून दर अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख इतिवृत्त वहीतच लिहीत जा.

अधिकारांच्या कलमात "विश्वस्तांना मालमत्ता विकण्याचा पूर्ण अधिकार" असं वाक्य असतं. त्याने परवानगीची गरज जात नाही. स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला, बक्षीस द्यायला, किंवा इमारत तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. कर्ज घ्यायला कलम ३६अ खाली. न्यासपत्रात रोजची कामं स्पष्ट लिहा: बँक खातं चालवायचं तर दोन वेगळ्या कुटुंबांतल्या विश्वस्तांच्या सह्या, सभेची नोटीस सात दिवस आधी, विश्वस्ताला प्रवासखर्च सोडून कोणतंही मानधन नाही.

जमिनीची घाई करू नका. मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० चालतो, आणि न्यास शेतकरी नसल्याने शेतजमीन त्याच्या नावे करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आधी ५ लाखांच्या मूळ निधीवर न्यासपत्र करा आणि ते झाल्यापासून तीन महिन्यांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ खाली नोंदणीचा अर्ज लातूरच्या धर्मादाय कार्यालयात द्या. प्रमाणपत्र हाती आलं की बँक खातं उघडा आणि आयकराचा अर्ज करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने न्यासपत्रात जुन्या कायद्याचे कलम क्रमांक न घालता "त्या वेळी लागू असलेल्या आयकर कायद्याप्रमाणे" असं लिहा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली की नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, सातबारावर न्यासाचं नाव चढवा, आणि त्या जमिनीचाही बदल अर्ज ९० दिवसांत द्या.