कुलूप उघडलं, पण मुलांना सामू कळलाच नाही!

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गात ५४ मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या पाठाच्या उजळणीसाठी मी एस्केप रूमसारखा खेळ घेतला. चार बाटल्या, कोडी, आकडी कुलूप असं सगळं ठेवलं होतं. मुलांना मजा आली, पण बऱ्याच गटांनी काही मिनिटांतच कुलूप उघडलं आणि पुढच्या चाचणीत चुका त्याच! आता मुख्याध्यापक विचारतात, हा वेळ वाया तर गेला नाही ना? खेळ सोडून द्यावा का?

उत्तर : ताई, खेळ सोडू नका. तुमच्या कोड्यांचे कागद आम्ही पाहिले. रसायनशास्त्र न वापरताही कुलूप उघडत होतं, अडचण एवढीच आहे. बाटल्यांत व्हिनेगर, लिंबाचा रस, साबणाचं पाणी आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण होतं. पहिले तीन द्रव वासावरून किंवा नुसतं बघूनही ओळखू येतात, मग लिटमसला हात कोण लावणार? शिवाय चार आकड्यांतले तीन कळले की चौथ्यासाठी दहाच पर्याय उरतात. मुलं चकती फिरवत बसतात आणि कुलूप उघडतं.

म्हणून खेळ रचताना उलट्या बाजूने सुरुवात करा. मुलं या पाठात नेमकी कुठे चुकतात ते आधी लिहून काढा आणि प्रत्येक चुकीतून एक ठरावीक चुकीचा आकडा निघेल असं कुलूप बनवा. म्हणजे मूल कोणता आकडा घेऊन आलं यावरूनच त्याचा गोंधळ कुठे आहे ते तुम्हाला कळेल. खरं कुलूप लागतच नाही. गटाने आकडा आणि त्यामागचं कारण कागदावर लिहून तुमच्याकडे आणायचं. बरोबर असेल तर पुढचं पाकीट द्यायचं, चूक असेल तर त्या चुकीसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी द्यायची आणि दोन मिनिटं थांबवायचं. या थांबण्यामुळे अंदाजपंचे आकडे येणं बंद होतं.

बाटल्यांचं कुलूप नव्याने असं मांडा. चारही द्रव रंगहीन आणि बिनवासाचे हवेत. पहिल्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. दुसरीत तेवढ्याच पाण्यात १ ग्रॅम मीठ. तिसरीत २ ग्रॅम खाण्याचा सोडा. चौथीत चुन्याची निवळी. पानाचा चुना चमचाभर घेऊन पाव लिटर पाण्यात ढवळा, बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. पाणी सगळीकडे ऊर्ध्वपातित वापरा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यामुळे मिठाच्या पाण्यातही लाल लिटमस किंचित निळा होतो आणि उदासीन द्रव आम्लारी ठरतो.

बाटल्यांवर अनुक्रमे ७, ३, ८, ५ असे आकडे चिकटवा, पण टेबलावर त्या क्रमाने मांडू नका. मुलांना एवढंच सांगा : ‘सर्वांत कमी सामूपासून सर्वांत जास्त सामूपर्यंत बाटल्या लावा, क्रम हाच तुमचा आकडा.’ सोबत निळा आणि लाल लिटमस आणि फिनॉल्फ्थॅलिन द्या.

लिटमसवरून आम्ल आणि मीठ कळतं. सोडा आणि चुना मात्र दोन्ही लाल लिटमस निळा करतात, आणि खरी उजळणी इथे होते. फिनॉल्फ्थॅलिन सुमारे ८.२ सामूच्या वर गुलाबी होऊ लागतं. सोड्याच्या द्रावणाचा सामू साधारण ८.३, म्हणून ते रंगहीन राहतं किंवा जेमतेम फिकट गुलाबी दिसतं. निवळीचा सामू १२च्या वर असतो, तिथे एका थेंबात गडद गुलाबी. बरोबर उत्तर ७३८५.

आता चुका बघा. जो गट फिनॉल्फ्थॅलिनवर विसंबतो तो सोड्याला आम्लारी मानत नाही, मिठाशी त्याची अदलाबदल करतो आणि ७८३५ आणतो. त्याला चिठ्ठी द्या : ‘३ आणि ८ मध्ये लाल लिटमस पुन्हा बुडवा.’ जो गट लिटमसवर थांबतो तो शेवटच्या दोन बाटल्या अंदाजाने लावतो, त्यामुळे ७३५८ येतो. त्याची चिठ्ठी : ‘५ आणि ८ मध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा एकेक थेंब टाका, रंगांची तुलना करा.’ अंदाज बरोबर निघाला तरी कारणात फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर पाकीट देऊ नका.

हे कुलूप बिघडतं ते बहुतेक वेळा सोड्यामुळे. सोडा गरम पाण्यात विरघळवला किंवा द्रावण शिळं झालं तर कार्बन डायऑक्साइड निघून कार्बोनेट वाढतं आणि तेही चांगलं गुलाबी होतं. त्यामुळे द्रावण त्याच दिवशी, थंड पाण्यात करा आणि वर्गात नेण्याआधी स्वतः एकदा थेंब टाकून बघा. दुसरीकडे, निवळी उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पांढरी साय धरते आणि मुलं ती लगेच ओळखतात. फिनॉल्फ्थॅलिन अल्कोहोलमधलं असतं, जास्त पडलं तर द्रव दुधाळ होतो. दोन मिलिलिटरला एकच थेंब पुरे. आणि प्रत्येक बाटलीला स्वतंत्र ड्रॉपर, नाहीतर चौथ्या गटापर्यंत सगळ्या बाटल्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

सहा-सहाचे नऊ गट केले तर प्रत्येक रंगाच्या लिटमसचे ३६ तुकडे लागतील. दहा-बारा जास्त ठेवा. बाटल्यांच्या आकड्यांचे तीन वेगळे संच करा, म्हणजे एका गटाने ओरडून सांगितलेला आकडा शेजारच्याला चालणार नाही. त्या संचांच्या चिठ्ठ्याही आधीच लिहून ठेवा.

दुसरं कुलूप आम्लारिधर्मतेचं. HNO3, CH3COOH, H2SO4, H3PO4 या क्रमाने आकडा ११२३ होतो. सूत्रातले सगळे हायड्रोजन मोजणारं मूल १४२३ आणतं. ही चूक तुमच्या चाचणीच्या पेपरांतही वारंवार दिसली. ॲसिटिक आम्लातले तीन हायड्रोजन कार्बनला जोडलेले असतात, सुटतो तो फक्त ऑक्सिजनला जोडलेला. चिठ्ठीत रेणूची आकृती काढून द्या आणि ‘कोणता H सुटेल?’ एवढंच विचारा. बोरिक आम्ल मात्र इथे घेऊ नका. त्यात तीन H दिसतात, पण पाण्यात ते OH⁻ स्वीकारतं आणि एकच H⁺ मिळतो. नववीत त्याचं स्पष्टीकरण देण्यात खेळाचा वेळ जाईल.

तिसरं कुलूप म्हणून NaOH आणि H2SO4 यांच्या उदासिनीकरणाचं समीकरण संतुलित करायला द्या, आकडा २११२. उदासिनीकरणासाठी किती थेंब लागले हा आकडा कुलपाला लावायचा मोह टाळा. थेंबाचं आकारमान ड्रॉपरगणिक बदलतं, त्यामुळे नीट काम केलेल्या गटालाही चुकीचं उत्तर मिळतं.

मुलं घाईत असतात, म्हणून संहत आम्ल किंवा कॉस्टिक सोडा टेबलावर अजिबात नको. चष्मे हवेतच. निवळी सौम्य दिसली तरी डोळ्यात गेली तर त्रास देते, लगेच भरपूर पाण्याने धुवावी लागते. चव घेऊन बघायची नाही, हे सुरुवातीलाच बजावा.

वेळ अशी वाटा : सूचना ४ मिनिटं, खेळ २२, उरलेली ९ मिनिटं चुकीच्या आकड्यांसाठी. फळ्यावर बरोबर उत्तर नाही, ७३५८ आणि १४२३ लिहा आणि हे आकडे कसे आले ते मुलांनाच सांगू द्या.

अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका शिक्षिकेने हीच मांडणी वापरली. नऊपैकी पाच गट पहिल्या खेपेला ७३५८ घेऊन आले. लिटमस निळा झाला की काम संपलं, असंच त्या मुलांना वाटत होतं. त्यांनी शेवटची नऊ मिनिटं फक्त त्यावर दिली. आठवड्याने चाचणीत एकच प्रश्न घातला : ‘एका द्रवात फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन राहिलं. तो द्रव आम्ल आहे असं म्हणता येईल का?’ बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं आणि कारणात खाण्याच्या सोड्याचं उदाहरण दिलं. मुख्याध्यापकांना दाखवायला तुम्हीही हाच प्रश्न खेळाच्या आदल्या दिवशी आणि आठवड्याने, दोनदा विचारा. दोन्ही वेळची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवलीत की वेळ वाया गेला का, ते त्यांनाच दिसेल.