पासवर्डसाठी पाच पानं

"माझे सासरे रोज संध्याकाळी वाय-फायचा पासवर्ड बदलतात आणि अभ्यास झाल्याशिवाय मुलांना सांगत नाहीत. सुरुवातीला बरं वाटलं. आता मुलं खोटं बोलायला लागली आहेत. सासऱ्यांना थांबवू का? आणि कसं?"

लगेच थांबवू नका. आधी मुलांच्या वह्या उघडा. असं का म्हणते, ते एका घराची गोष्ट सांगून समजावते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आजोबा स्वतःच आले होते, सून आणि दोन नातवंडांना घेऊन. पिशवीतून एक डायरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. दर ओळीवर तारीख, पुढे त्या दिवशीचा पासवर्ड आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पट्टीने मारलेली सरळ रेघ. अशा ४३ ओळी होत्या. नियम साधा: पाच पानं लिहून दाखवा, पासवर्ड घ्या. "रोज पाच पानं होतात, मॅडम. आधी एक होत नव्हतं," ते म्हणाले. ते खरंच होतं.

मग मी सहावीतल्या नातीची वही मागितली. पहिल्या आठवड्यात एका ओळीत आठ-नऊ शब्द बसत होते. सहाव्या आठवड्यात चार. अक्षर टपोरं झालं होतं, समास रुंदावला होता आणि एकच उत्तर तीन दिवसांत दोनदा उतरवलेलं होतं. मी वही मिटून त्यातलाच एक प्रश्न विचारला. ती आजोबांकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आजोबा पानं मोजतात, वाचत नाहीत."

बक्षीस पानांना होतं, म्हणून पानं आली. शिवाय नेट मिळालं की अभ्यास संपला, हेही मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. थोडक्यात, अभ्यास म्हणजे टोलनाका. नाक्यावर कुणी रेंगाळत नाही. तुमच्या घरी असंच चाललंय का, हे तपासायचं असेल तर काल लिहिलेल्यातला एक मुद्दा वही न बघता सांगायला लावा.

नववीतल्या नातवाची तऱ्हा वेगळी. पासवर्ड बदलला की सगळ्यांच्याच फोनचं नेट तुटतं, त्यामुळे आजोबा तो सुनेला आधी सांगत, तिचं ऑफिसचं काम असे. मुलगा आईच्या फोनवर 'शेअर' दाबून क्यूआर कोड स्वतःच्या फोनने स्कॅन करी आणि वर तासभर वही उघडी ठेवून अभ्यासाचं नाटक करी. तुम्ही म्हणता ते खोटं बहुतेक इथूनच सुरू होतं. मुलगा लबाड आहे असं मला वाटलं नाही. त्याच्या प्रकल्पाची माहितीच नेटवर होती आणि नेट मात्र अभ्यासानंतर मिळणार होतं!

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पासवर्ड महिनाभर तोच ठेवला. मुलांच्या फोनसाठी राउटरवर साडेसहा ते आठ नेट बंद राहील अशी वेळ लावली, हॉलमधला लॅपटॉप मात्र चालू. (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, फोन अधूनमधून बदलत असेल तर राउटरला तो नवाच फोन वाटतो आणि बंदी लागू होत नाही. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करावं लागलं.) त्यामुळे आजोबांच्या हातातली किल्ली गेली आणि रोजची घासाघीसही. तिसरी गोष्ट आजोबांसाठी: पानं मोजायची नाहीत. मुलांनी संध्याकाळी काय करणार ते स्वतः दोन ओळींत लिहायचं आणि आठ वाजता आजोबांनी त्यातलं एकच विचारायचं.

हे आजोबांना सुनेने सांगितलं नाही, त्यांच्या मुलाने सांगितलं. तुमच्याकडेही तुमच्या यजमानांनीच बोलावं. सुनेच्या तोंडून ती तक्रार वाटते आणि मुलांसमोर बोललात तर मुलं लगेच तुमच्या आडोशाला येतात.

पहिला आठवडा वाईट गेला. नातवाने मोबाइल डेटा वापरला, नातीने दोन दिवस काहीच लिहिलं नाही. आजोबांनी फोन करून मला सुनावलं, "बघा, म्हणत होतो ना!" सवलत काढली की आधी हट्ट वाढतो, हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. ती चूक माझी. तिसऱ्या आठवड्यात नातीचं अक्षर पुन्हा बारीक झालं. नातवाचा डेटा मात्र पूर्ण सुटला नाही. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे असं ठरलं, त्यात आजोबांचाही फोन आला, तेव्हा कुठे तो थोडा नरमला.

शेवटच्या भेटीत आजोबांनी डायरी पुन्हा आणली होती. आता तारखेपुढे पासवर्ड नव्हता, त्या दिवशी विचारलेला प्रश्न होता. पट्टीने मारलेल्या रेघा तेवढ्या तशाच होत्या.