एसआयपीत जोखीम नसते, हे खरं का?

प्रश्न: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. महिन्याला हजार रुपये म्युच्युअल फंडात टाकीन म्हणतो. तीन वर्षांनी बहिणीचं लग्न आहे. एसआयपीत जोखीम नसते असं सगळे सांगतात, खरं का?

उत्तर: नाही. एसआयपी म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता जाण्याची सोय, एवढंच. जोखीम फंडात असते, आणि पैसे तुम्हाला कधी लागणार यावर ती तुम्हाला किती झोंबणार ते ठरतं.

हिशेब मांडून बघा. युनिट म्हणजे फंडातला एक हिस्सा. त्याचा भाव १०० असताना हजार भरले, १० युनिटं मिळाली. पुढच्या महिन्यात भाव ८०, साडेबारा मिळाली. मग ५०, तर २०. तीन हजार भरून साडेबेचाळीस युनिटं झाली, पण ५० च्या भावानं त्यांचे येतात २१२५. नेमकं तेव्हा लग्न निघालं तर ८७५ रुपये गेले. हप्ते चालू ठेवता आले आणि भाव पुन्हा ८०, मग १०० झाला, तर पाच हजारांचे साडेसहा हजार होतात. एजंट हा दुसरा भागच सांगतात.

भाव वर यायला किती वेळ लागेल, हे कुणाच्या हातात नाही. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावांवरून काढलेला आकडा. जानेवारी २००८ मध्ये तो ६२०० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात २६०० च्या खाली आला, आणि २०१३ संपताना ६३०० च्या आसपासच होता. म्हणून लग्नाचे पैसे बँकेच्या आरडीत ठेवा. सात-आठ वर्षं हात लावायचा नाही, तेवढेच फंडात.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. मंदीत माग बंद पडतात तेव्हा बाजारही बऱ्याचदा पडलेला असतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि निफ्टी दोन-अडीच महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरला. ज्याच्या गाठीला काही नव्हतं त्याला तळालाच युनिटं विकावी लागली. तेव्हा आधी तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात साठवा, एसआयपी त्यानंतर. ह्याला वर्ष गेलं तरी जाऊ द्या.

फंड निवडताना डोकं फार शिणवू नका. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे त्याच पन्नास कंपन्यांचे शेअर घेणारा, डायरेक्ट प्लॅन आणि नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय. डायरेक्टमध्ये एजंटचं कमिशन नसतं, त्यामुळं वार्षिक खर्च कमी लागतो. फंडाची जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरवर ‘अति उच्च’ दिसेल. शेअरच्या फंडाला ते असतंच. पॅन, आधार आणि बँक खातं यांवर केवायसी होतं.

हप्त्याची तारीख पगारानंतर चार दिवसांची ठेवा, कारण आपल्याकडं पगार मागंपुढं होतो. खात्यात पैसे नसले तर फंड दंड लावत नाही, पण बँक लावते, आणि हजाराच्या हप्त्यावर तो दंड वर्षाचा नफा खाऊ शकतो. लागोपाठ तीन हप्ते चुकले तर मासिक एसआयपी रद्द होते. काम थांबणार असं दिसलं की ॲपमधून स्वतःच ती थांबवा. भरलेली युनिटं तशीच राहतात.