साडेसातच्या दोन्ही बाजू

‘मॅडम, मुलगा आठवीत आहे, स्कॉलरशिपला बसलाय. ४५ ही संख्या क्रमागत संख्यांच्या बेरजेत किती प्रकारे मांडता येते, असल्या गणितात दर वेळी त्याची दोन-तीन उत्तरं सुटतात. आता म्हणतो, मला गणितात गतीच नाही. खरंच तसं असेल का हो?’

लालबागहून ही आई मुलाला घेऊन दादरला माझ्याकडे आली. अशा वेळी मी मुलाशी बोलण्याआधी त्याची वही बघते. वहीत तीन उत्तरं होती: १४+१५+१६, ७+८+९+१०+११ आणि १ ते ९ ची बेरीज. तिन्ही बरोबर. ती कशी सापडली, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘४५ ला ३ ने भागलं, १५ आले. १५ मध्ये ठेवले, एक मागचा, एक पुढचा.’ ५ आणि ९ चंही तसंच. म्हणजे तो अंदाजाने आकडे मांडत नव्हता, त्याला रीत सापडली होती.

मग ६ ने का नाही भागलंस? ‘भाग जात नाही, साडेसात येतात.’

अडलं होतं ते इथेच. मी त्याला साडेसातच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या लिहायला सांगितली. त्याने ७ आणि ८ लिहिले. मग दोन्हीकडे एकेक वाढवत तो ५+६+७+८+९+१० पर्यंत गेला आणि थबकला. मधली जोडी १५ ची, बाहेरच्या दोन जोड्याही १५ च्याच, एकूण ४५. पुढे २ ने भागून साडेबावीस आले तेव्हा २२+२३ त्याने स्वतःच लिहिलं.

जितक्या संख्या घ्यायच्या तो आकडा विषम असेल तर भाग पूर्ण जायला हवा, सम असेल तर बरोबर अर्धा उरायला हवा. ४ ने भागलं की सव्वाअकरा येतात, म्हणून चार संख्यांची बेरीज जमत नाही. आणि थांबायचं कुठे? १ ते ९ ची बेरीजच ४५, दहा संख्या घेतल्या तर कमीत कमी ५५ होतात. तेव्हा २ ते ९ एवढंच तपासायचं. उत्तरं पाच. पडताळाही सोपा आहे: १ सोडून ४५ चे विषम विभाजक मोजायचे. ३, ५, ९, १५, ४५. तेही पाचच.

आईंना मी सांगितलं, उत्तरं सुटत होती ती ‘भाग पूर्ण गेलाच पाहिजे’ या एका समजुतीमुळे. गतीचा इथे संबंध नाही.

पुढच्या शनिवारी तो ३२ घेऊन आला, चेहरा पडलेला. ‘मॅडम, एकही उत्तर नाही सापडलं.’ २ ते ७ सगळं तपासलं होतं. २ ने भागून पूर्ण १६, ४ ने पूर्ण ८, जिथे अर्धा हवा तिथे पूर्ण भाग. मी म्हटलं, ३२ चे विषम विभाजक लिही. त्याने १ लिहिला, पेन्सिल तशीच धरून थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे उत्तर नाहीच!’